साठीची शांत आणि पहिली पंगत

'षष्ट्यब्दपूर्ती' हा शब्द छापखान्यात देण्यापूर्वी एकदा नीट निरखून पाहावा, कारण निमंत्रणपत्रिकेत या शब्दाइतका दुसरा कोणताही शब्द चुकत नाही. 'षष्टि' म्हणजे साठ, 'अब्द' म्हणजे वर्ष, आणि या दोहोंचा संधी होऊन 'षष्ट्यब्द' असे रूप सिद्ध होते. 'षष्ठी' म्हणजे सहावी. म्हणून ट च्या जागी ठ पडला की साठ वर्षांच्या तीर्थरूपांची सहा वर्षे पूर्ण झाल्याचे आमंत्रण गावभर जाते. साठ या संख्येलाच हा मान का मिळाला, याचे उत्तर पंचांगात आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरांची नावे साठ आहेत. गुरूच्या सुमारे बारा वर्षांच्या पाच आणि शनीच्या सुमारे तीस वर्षांच्या दोन प्रदक्षिणा तेवढ्या काळात पुऱ्या होतात, आणि ज्या नावाच्या संवत्सरात मनुष्य जन्मला त्याच नावाचे संवत्सर साठ वर्षांनी त्याच्या आयुष्यात पुन्हा येते. शालिवाहन शकाच्या आकड्यात बारा मिळवून साठाने भागावे, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके १८८७ आणि शके १९४७ या दोहोंची बाकी ३९ येते, आणि एकोणचाळिसावे नाव विश्वावसू.

या हिशेबाने पाहिले तर साठ वर्षे पुरी झाल्यावरच शांत करणे शब्दाला धरून होते. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा आणि पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली तो षष्ट्यब्दपूर्तीचा समारंभ जुलै १९१६ मधला. म्हणजे तेथेही पूर्तीचा अर्थ पूर्तीच धरला होता. तथापि साठावे वर्ष लागताच शांत उरकून घेण्याची वहिवाट अनेक घराण्यांत आहे आणि तिलाही गुरुजींची संमती असते. सबब या प्रश्नावर घरात वाद घालण्यापेक्षा आपल्या कुलोपाध्यायांस विचारून तिथी पक्की करावी, हे बरे. इंग्रजी तारीख सोयीची वाटली तरी धर्मकृत्य जन्ममास व जन्मतिथी धरून होते, काही घरांत जन्मनक्षत्र पाहतात, आणि तो मास त्या वर्षी अधिक असेल तर निजमासापर्यंत थांबावे लागते. शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ज्येष्ठात जन्मलेल्यांनी ही गोष्ट कार्यालय ठरवण्यापूर्वीच लक्षात घ्यावयास हवी.

माझ्या थोरल्या बंधूंचा जन्म शके १८८७ च्या कार्तिक शुद्ध पंचमीचा. शके १९४७ मध्ये ती तिथी रविवारी, २६ ऑक्टोबर २०२५ रोजी आली; इंग्रजी वाढदिवस त्यानंतर तीन दिवसांनी, बुधवारी पडत होता. त्यांचा मुलगा आणि मुलगी दोघेही नोकरीनिमित्त परगावी; त्यांनी श्रावणातच मला फोन करून सांगितले, "काका, पैशाची आणि धावपळीची बाजू आम्ही पाहतो, पण कोणाला कोठे बसवायचे ते तुम्ही पाहा." त्या एका वाक्यामुळे मला या विषयाकडे आसनाच्या बाजूने पाहता आले. सत्तर पाहुण्यांची यादी तयार झाली, तिच्यात सत्तरीपुढचे एकोणीस निघाले, आणि त्यांत सर्वांत वडील आमची चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या. साठीच्या समारंभाचे हे वैशिष्ट्यच आहे की, उत्सवमूर्ती स्वतः साठीची, आणि तिला आशीर्वाद देण्याचा अधिकार ज्यांना आहे ती मंडळी सत्तर-ऐंशीच्या घरातली असतात; लग्नमुंजीच्या कार्यात ही माणसे चार-सहा असतात, येथे ती चौथा हिस्सा भरतात.

यापूर्वी बऱ्याच वर्षांमागे माझ्या मामांच्या साठीचा सर्व बंदोबस्त माझ्याकडे होता आणि त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. मामांना मधुमेह होता. शांत व्हायची म्हणून त्यांनी सकाळी काही खाल्ले नाही; गोळी मात्र रोजच्या सवयीने घेतली. गुरुजी दीड तास उशिरा आले, हवन लांबले, पूर्णाहुतीचे नारळ कुंडात पडले तेव्हा पावणेदोन वाजले होते. धुरामुळे डोळे चुरचुरत असतील अशा समजुतीने मी त्यांच्याकडे पाहत होतो. प्रत्यक्षात त्यांच्या कपाळावर गार घाम आला होता, हातातली पळी थरथरत होती, आणि गुरुजींनी "मम" म्हणा म्हटले ते त्यांना दोनदा सांगावे लागले. मामींच्या ध्यानात आले म्हणून निभावले. त्यांनी पंचामृतासाठी ठेवलेली साखर पाण्यात कालवून त्यांना पाजली. हवनाच्या जागी यजमानाला घाम येणे हे सर्वांना स्वाभाविक वाटते, आणि धोका आहे तो नेमका तेथेच: उष्णतेचा घाम आणि साखर उतरल्याचा घाम दुरून ओळखू येत नाही. हात कापणे, बोलणे अडखळणे, सांगितलेले न समजणे, ही त्याची खूण.

म्हणून बंधूंच्या वेळी आम्ही दिवसाची आखणी उलट्या बाजूने, भोजनापासून मागे केली. पाने साडेबाराला मांडायची, हे प्रथम ठरले. त्याअगोदर अर्धा तास औक्षण आणि आशीर्वाद. त्याअगोदर अभिषेक आणि वस्त्रांतर. म्हणजे पूर्णाहुती साडेअकराला झालीच पाहिजे. गुरुजींना ही वेळ महिनाभर आधी सांगितली असता त्यांनी आनंदाने तजवीज केली, कारण शांतीच्या प्रयोगात वेळ आटोक्यात ठेवण्याची सोय मुळातच आहे. संकल्प, गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध हे पूर्वांग सव्वा तासाचे. त्यानंतर आचार्यवरण, कलशस्थापना, प्रधानदेवता आणि नवग्रह यांची पूजा तासाभराची. मग अग्निस्थापन आणि हवन. साठीच्या शांतीस उग्ररथ शांत म्हणतात. प्रधानदेवतेविषयी पोथ्यांत थोडाफार भेद आढळतो, परंतु मार्कंडेय आणि मृत्युंजय यांचे स्मरण कोठेही चुकत नाही. हवनाच्या आहुती प्रत्येक देवतेस १०८, २८ किंवा ८ अशा संख्येने देता येतात, आणि समारंभ चार तासांचा व्हावा की सहा तासांचा, हे बहुतांशी या एका निवडीवर अवलंबून असते. आमच्या गुरुजींनी प्रधानदेवतेस १०८ आणि इतरांस ८ अशी वाटणी केली, बरोबर तीन सहकारी आणले, आणि साडेसातला संकल्प सोडला.

उपवासाचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, असे शास्त्रवचन आहे. यजमानांस सकाळी दूध व केळे द्यावे आणि नांदीश्राद्धानंतर पाव तास थांबून पुन्हा थोडे दूध घ्यावे, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. मुलीने आठवडाभर आधी डॉक्टरांस भेटून त्या दिवशीच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या होत्या. तो कागद तिने पूजेच्या साहित्याच्या यादीलाच टाचून ठेवला. नांदीश्राद्धाचे महत्त्व आणखी एका कारणाने जाणून घ्यावे: ते झाल्यावर कार्य सुरू झाले असे मानतात, आणि मध्येच कोठून अशौचाची वार्ता आली तरी आरंभिलेले कार्य मोडत नाही. त्यापूर्वी आली तर मात्र दिवस बदलावा लागतो, म्हणून कार्यालयाचा करार करताना तारीख पुढे ढकलण्याची मुभा लेखी घ्यावी.

आता यजमानांचे आसन. बंधूंचे गुडघे दुखतात, वहिनींच्या कमरेत पूर्वीपासून दोष. आणि शांतीत यजमान दांपत्याला एकदाच बसून भागत नाही. पूजेत व होमात पत्नी पतीच्या उजव्या हाताला बसते, अभिषेकाच्या आणि आशीर्वादाच्या वेळी डाव्या हाताला. दोघांनी उठून जागा बदलायची, मध्येच वडीलधाऱ्यांना नमस्कारासाठी उठायचे, प्रदक्षिणेसाठी उठायचे. आम्ही गुरुजींसमवेत बसून मोजले, तर जमिनीवरून उठण्याचे प्रसंग सात भरले. पाटावरून सात वेळा उठणे हे दुखऱ्या गुडघ्यांना मंत्रोच्चारापेक्षा अधिक कठीण तप आहे.

खुर्ची द्यावी तर देवता खाली चौरंगावर आणि यजमान वर, हे मनाला रुचत नाही, आणि बंधूंनी त्याच कारणास्तव खुर्ची साफ नाकारली. त्यावर उपाय असा केला की, देवतांचे चौरंगच दोन मजबूत टेबलांवर मांडले, होमकुंडाखाली विटांचे थर रचून ते गुडघ्याच्या उंचीला आणले, आणि मग यजमानांसाठी हात असलेल्या दोन सरळ लाकडी खुर्च्या ठेवून त्यांवर लोकरीची आसने घातली. देवता पूर्ववत यजमानांच्या वर राहिल्या. विटा मात्र नुसत्या रचून भागत नाही. कुंड हलते की काय ते रिकामे असतानाच दोन्ही बाजूंनी दाबून पाहावे, आणि खाली ओल्या मातीचा थर द्यावा. खुर्चीवर बसल्यावर आहुती देण्यासाठी कंबरेतून वाकावे लागत असेल तर कुंड अजून दूर आहे किंवा खाली आहे. कोपर अंगालगत ठेवून पळी कुंडाच्या मध्यावर पोहोचली पाहिजे.

धुराची दिशा आदल्या दिवशी पाहून ठेवावी. होमाच्या वेळी पंखे बंद करावे लागतात, म्हणून पाहुण्यांना उकडते. आणि ज्या बाजूची खिडकी उघडी त्या बाजूला धूर ओढला जातो. आम्ही आदल्या संध्याकाळी एक उदबत्ती कुंडाच्या जागी लावून धूर कोठे वळतो ते पाहिले आणि ज्येष्ठांच्या खुर्च्या त्याच्या विरुद्ध भिंतीला मांडल्या. दम्याचे दोघे होते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या एक बाई होत्या. त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीचे दार उघडे ठेवून तेथून मंत्र ऐकू येतील अशी जागा केली.

निमंत्रणाचा मसुदा मी तीनदा लिहिला. मुले आपल्या आईवडिलांसाठी बोलावीत असल्यामुळे पत्रिकेचा स्वर लग्नपत्रिकेहून वेगळा असावा लागतो: निमंत्रक वयाने लहान, निमंत्रित बहुधा त्यांच्या आईवडिलांहूनही थोर. येथे 'तीर्थरूप' आणि 'तीर्थस्वरूप' यांतला भेदही सांभाळावा. जन्मदात्यांस तीर्थरूप, आणि मातापित्यांसमान इतर वडील मंडळींस तीर्थस्वरूप. शेवटी जो मजकूर छापला तो असा:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमचे तीर्थरूप श्री. अमुक यांस मिती कार्तिक शुद्ध पंचमी, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, रविवार, दिनांक २६ ऑक्टोबर २०२५ या दिवशी वयाची साठ वर्षे श्रीकृपेने पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने ती. बाबा व ती. सौ. आई यांच्या हस्ते षष्ट्यब्दपूर्ती शांतीचे धर्मकृत्य योजिले आहे. आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन उभयतांस आशीर्वाद द्यावेत व भोजनाचा स्वीकार करावा, ही नम्र विनंती.

पूर्णाहुती : सकाळी ११.३०
औक्षण व आशीर्वाद : दुपारी १२
भोजन : दुपारी १२.३०
स्थळ : अमुक कार्यालय, तळमजला

आपले आज्ञांकित,
चि. अमुक, सौ. अमुक

आहेर आणू नये. आपले येणे हाच आम्हांस मोठा आहेर आहे.

या मजकुरात दोन गोष्टी हेतुपुरस्सर केल्या आहेत. शांत साडेसातला सुरू होणार असली तरी ती वेळ पत्रिकेत घातली नाही. घातली असती तर आमची आत्या सातलाच येऊन बसली असती, आणि साडेपाच तास खुर्चीवर बसल्यानंतर तिला जेवणाची वासना उरली नसती. ज्यांना सकाळपासून यावयाचे होते, त्या घरच्या मंडळींस तोंडी सांगितले. दुसरी गोष्ट म्हणजे वयाने लहान असलेल्यांच्या पत्रिकांत 'आशीर्वाद द्यावेत' याऐवजी 'शुभेच्छा द्याव्यात' असा एका ओळीचा फरक करून निराळ्या प्रती काढल्या; पस्तिशीच्या सहकाऱ्याकडून साठीच्या मनुष्यास आशीर्वाद मागणे कानाला खटकते. विधवा आप्तांच्या नावामागे जुनी 'गं. भा.' ही अक्षरे न घालता 'श्रीमती' लिहिले, आणि मला वाटते की या बाबतीत आता कोणीही दुसरा विचार करू नये.

एकोणीस ज्येष्ठांच्या पत्रिकेत एक लहान चिठ्ठी वेगळी घातली होती, मुलीच्या हस्ताक्षरात. तिच्यात लिहिले होते: "आपल्यासाठी खुर्ची-टेबलावर पान मांडले आहे. कार्यालयात एकही पायरी नाही, कमोड आहे. घरून आणण्यास व पोचविण्यास गाडी येईल; किती वाजता यावी व पथ्य काय, हे विचारण्यास मी स्वतः फोन करीन." छापील पत्रिकेत असे लिहिले असते तर कित्येकांना आपल्या वयाचा जाहीरनामा वाटला असता, चिठ्ठीत ते आपुलकीचे झाले. यांतली सहा घरे गावातच होती. तेथे बंधू-वहिनी स्वतः जाऊन अक्षत देऊन आले.

'एकही पायरी नाही' असे लिहिण्यापूर्वी ते खरे आहे की नाही हे जागेवर जाऊन पाहावे लागते. पहिले कार्यालय आम्ही याच कारणावरून सोडले. व्यवस्थापक तळमजला म्हणाले होते आणि तो तळमजलाच होता, पण दारात चार इंचांचा उंबरा, हात धुण्याच्या जागेपाशी आणखी एक उतार, आणि कमोड असलेली खोली वरच्या मजल्यावर. दुसऱ्या ठिकाणी मी पुतण्याला चाकांच्या खुर्चीत बसवून दारापासून पानापर्यंत आणि पानापासून मोरीपर्यंत फिरवले. ३२ इंचांच्या दारातून खुर्ची गेली, मोरीच्या वळणावर अडकली. तेथली एक कुंडी हलवावी लागली. सतरंजीच्या कडा ही दुसरी वैरीण. दुमडलेल्या कडेत पाय अडकून म्हातारी माणसे पडतात, म्हणून ज्येष्ठांच्या बाजूची सतरंजी काढून टाकून फरशी मोकळीच ठेवली.

खुर्चीची परीक्षा सोपी आहे. तिच्यात बसून दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत आणि हातांवर भार देऊन, कोणाचा हात न धरता उठता आले पाहिजे. साधारण अठरा इंच उंचीची बैठक, दोन्ही बाजूंना हात आणि सरळ पाठ असली की बहुतेकांचे भागते. कोच आणि सोफे मानाचे दिसतात, परंतु त्यांत बसलेला ऐंशीचा मनुष्य दुसऱ्याने ओढून काढल्याशिवाय उठू शकत नाही. आणि हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर उठतानाच मागे सरकतात, म्हणून त्या भिंतीला टेकवून ठेवाव्यात. आत्या ठेंगणी असल्याने तिचे पाय अधांतरी राहत होते. अर्धा तास पाय लोंबकळले की पोटऱ्या भरून येतात. तिच्या पायांखाली पाट सरकवला. बसण्याचे पाट त्या दिवशी असे पायांच्या कामी आले.

भोजनाची टेबले सहा फूट लांबीची होती. त्यांवर चार पाने मांडण्याचा वाढप्यांचा रिवाज. आम्ही तीनच मांडली, म्हणजे प्रत्येकास दोन फूट रुंदी मिळाली आणि कोपराला कोपर लागले नाही. सर्व पाने एकाच बाजूला, पाठ भिंतीकडे, आणि समोरून वाढपी, अशी जुन्या पंगतीचीच रचना ठेवली. पाठीमागून खांद्यावरून वाढले की कानाने अधू असलेला मनुष्य दचकतो आणि "नको" म्हणेपर्यंत भात पडलेला असतो. सात टेबलांवर एकवीस पाने झाली: एकोणीस ज्येष्ठांची आणि दोन बंधू-वहिनींची. यजमानांनी सर्वांच्या शेवटी जेवावे ही रीत मला ठाऊक आहे आणि एरवी ती मी मानतो. पण ज्यांनी सकाळपासून दूध-केळ्यावर चार तास अग्नीसमोर काढले, त्यांना तिसऱ्या पंगतीपर्यंत उपाशी ठेवणे मला योग्य वाटेना. गुरुजींची पाने त्याच वेळी शेजारी मांडली होती, त्यामुळे मर्यादाही राहिली. यजमानपण त्या पंगतीपुरते मुलाने पत्करले, आणि आग्रह करण्यास तो उभा राहिला.

स्वयंपाकाविषयी थोडे. आचाऱ्यास निराळा पथ्याचा स्वयंपाक सांगितला की तो आजाऱ्यांसारखा बेचव येतो आणि खाणाऱ्यालाही वेगळे पाडतो. त्यापेक्षा मुख्य पानातच सोसतील असे पदार्थ घ्यावेत. आम्ही साधे वरण-भात-तूप, मसालेभात, अळूचे फदफदे, दुधीची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, पुरी आणि श्रीखंड असा बेत केला. जिलेबी दातांमुळे आणि मिरचीची भजी पोटामुळे वगळली. शेंगदाण्याचे कूट कोशिंबिरीत बारीक घातले. सत्तर पानांना तांदूळ सात किलो पुरले. श्रीखंडास साडेतीन किलो चक्का आणि तितकीच साखर हे नेहमीचे प्रमाण. त्यातला अर्धा किलो चक्का बिनसाखरेचा बाजूला ठेवून त्यात केवळ वेलची-केशर घातले होते, आणि मुलीच्या यादीतील आठ जणांना न विचारता, न बोलता तेच वाढले. पहिल्या पंगतीचा भात पाव भांडे अधिक पाणी घालून वेगळा मऊ शिजवला होता.

प्रत्यक्ष दिवशी पूर्णाहुती अकरा चाळीसला झाली. अभिषेकाच्या वेळी चारी गुरुजी कलशातल्या पाण्याने आंब्याच्या डहाळ्यांनी यजमानांवर सिंचन करतात. दोघेही चिंब होतात आणि भोवतालच्या फरशीवर पाणी साचते. पाच मिनिटांनी त्याच जागी आशीर्वादासाठी वृद्ध मंडळी येणार असतात, आणि अशा कार्यांत पाय घसरतो तो बहुधा येथे. बंधू-वहिनी वस्त्रे बदलण्यास आत गेल्याबरोबर पुतण्याने दोन कोरड्या फडक्यांनी ती जागा स्वतः पुसली, तांदळाचे विखुरलेले दाणेही उचलले, आणि पंखे सुरू केले. आशीर्वादाची जागाच मुळी आम्ही तेथून हलवली होती: ज्येष्ठ आपापल्या खुर्च्यांवर बसून राहिले आणि कोरडी वस्त्रे नेसून आलेले बंधू-वहिनी एकेकापुढे गेले. रांग उभी करण्याचा प्रसंग आला नाही. वाकण्यासाठी बंधूंना एका हाताचा आधार हवा म्हणून पुतण्या शेजारी चालत होता. त्यानंतर दोघे खुर्च्यांवर बसले आणि लहानांनी नमस्कार केले. हार मोगऱ्याचे, एकपदरी घेतले होते. झेंडूचे जाड हार मानेला अर्ध्या तासात जड होतात.

औक्षणास कणकेचे साठ दिवे होते. साठ पेटत्या दिव्यांचे तबक हातात धरून ओवाळणे म्हणजे जड, तापलेले पितळ आणि ज्वाळा साडीच्या पदराजवळ नेणे. म्हणून ते सर्व दिवे मोठ्या परातीत, यजमानांसमोरच्या टेबलावर लावून ठेवले आणि ओवाळण्याच्या तबकात दोनच निरांजने घेतली. प्रथम कोणी ओवाळावे असे विचारले तेव्हा आत्या खुर्चीत मागे सरकली. "मला नका रे पुढे करू," ती म्हणाली, "सुवासिनी आहेत की." वहिनी उठून तिच्याकडे गेल्या, निरांजनाचे तबक तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "आत्याबाई, यांना न्हाऊमाखू घातलंत तुम्ही. आता ओवाळायला दुसरं कोणी कशाला?" बंधू आपली खुर्ची उचलून तिच्यापुढे घेऊन आले आणि तिच्या हाताला पोहोचेल इतके जवळ बसले. तिने तबक दोन्ही हातांनी धरले. हात कापत होते म्हणून भाचीने खालून तळहात लावला. तीनदा ओवाळून झाल्यावर तिने अक्षता टाकल्या, त्या अर्ध्या बंधूंच्या डोक्यावर आणि अर्ध्या तिच्याच पायाखालच्या पाटावर पडल्या.

पाने बारा चाळिसाला वाढली. आत्याने मऊ भात दोनदा घेतला. जेवण झाल्यावर हात धुण्यास कोणाला उठवले नाही. तस्त, कोमट पाणी आणि पंचे पानापाशीच फिरवले, आणि शेजारच्या खोलीत सहा गाद्या उंच पलंगांवर घालून ठेवल्या होत्या, तेथे ज्यांना पाठ टेकायची ती मंडळी विडा घेऊन गेली. पहिली गाडी दोन वाजता दाराशी लागली.